कुणकेश्वरच्या वाटेवरचा कम्युनिटास

तुझ्या पेपरासाठी तू विचारलंस: ‘वाटेवर सगळे समान होतात, म्हणजे कम्युनिटास सिद्ध झाला ना?’

इतक्यात नाही. कम्युनिटास म्हणजे मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नरने मांडलेली, दर्जाभेद गळून पडल्यावरची एकपणाची अनुभूती. महाशिवरात्रीला सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरला निघालेल्या देवस्वारीत तरंग, म्हणजे देवाचं प्रतीक असलेले सजवलेले खांब, कोणी धरायचे, हे मानकऱ्यांच्या घराण्यांप्रमाणे आधीच ठरलेलं असतं. गावाची शीव ओलांडली म्हणून मान गळून पडत नाहीत. लिमिनॅलिटी, म्हणजे रोजच्या आयुष्याबाहेरची उंबरठ्यावरची अवस्था, मात्र भक्कम आहे: घर सुटलेलं, अनवाणी चाल, शेवटी समुद्रस्नान. टर्नरने १९६९ मध्येच उत्स्फूर्त आणि नियमबद्ध कम्युनिटास वेगळे केले होते. पेपरात तो फरक वापर.

इरावती कर्व्यांना पंढरीच्या वाटेवर एकाच दिंडीत ब्राह्मण-मराठ्यांच्या पंगती वेगळ्या दिसल्या होत्या. तेव्हा मुक्कामावर रांधतं कोण, पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं, हे वहीत टिपून ठेव. मुलाखतीत काय, सगळे ‘आम्ही एकच’ म्हणणारच!