मदत हवी आहे : श्वसनाबद्दलचे विधान खरे असूनही उत्तराला शून्य गुण का?

पैनगंगाकाठ
माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या चाचणीत एका उत्तराला तीनपैकी शून्य गुण मिळाले आहेत. तिने लिहिले होते की, "वनस्पतींच्या पेशी दिवसा व रात्री सतत श्वसन करतात आणि श्वसनात ग्लुकोज वापरले जाते, म्हणून तेथे स्टार्च उरत नाही." यातील प्रत्येक शब्द पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिला, एकही चूक सापडली नाही. शिक्षकांनी समासात फक्त "प्रश्न वाचा" एवढेच लिहिले आहे. सोमवारी मी शाळेत जाणार आहे. आमचे गाव तालुक्यापासून बरेच आत आहे, विचारायला जवळपास कोणी नाही, म्हणून येथे लिहीत आहे. खरे वाक्य चुकीचे कसे ठरते, हे कृपया लवकर सांगावे.

मोहफूल
दादा, तुम्ही उत्तर दिले, पण प्रश्न दिलाच नाही. प्रश्नपत्रिकेतील वाक्य जसेच्या तसे लिहा. मुलगी कोणत्या इयत्तेत आहे, तेही सांगा.

वऱ्हाडी_बाणा
प्रश्न कशाला हवा? चूक मला उत्तरातच दिसते. वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात. "दिवसा व रात्री सतत" असे तिने लिहिले, तेथेच ती फसली. म्हणून तर वडीलधारी माणसे रात्री झाडाखाली झोपू नका म्हणतात. अर्थात पिंपळाची गोष्ट निराळी, तो रात्रीही ऑक्सिजन देतो.

जुनी_प्रयोगशाळा
वऱ्हाडी_बाणा, श्वसनाला दिवसपाळी आणि रात्रपाळी नसते. भर उन्हातही पानाची प्रत्येक जिवंत पेशी श्वसन करीतच असते. त्या वेळी प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे पानातून बाहेर येणारा वायू मोजला तर ऑक्सिजनच दिसतो आणि श्वसन झाकले जाते. मुलीचे विधान त्या दृष्टीने अचूक आहे. पिंपळाच्या पानालाही रात्री ऑक्सिजन तयार करण्यासाठी प्रकाश कोठून मिळणार? तो विषय येथे नको. पैनगंगाकाठ, प्रश्न द्या.

पैनगंगाकाठ
मुलगी नववीत आहे. प्रश्न असा होता : "कुंडीतील जास्वंदीच्या एका पानाचा मधला पट्टा दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाने झाकून रोप दिवसभर उन्हात ठेवले. सायंकाळी पानाची आयोडीन चाचणी केली असता उघडा भाग निळसर काळा झाला, मधला पट्टा मात्र झाला नाही. याचे कारण लिहा." मला तर तिचे उत्तर याला चपखल बसते असे वाटते. पट्ट्यात स्टार्च नाही, कारण ते श्वसनात संपले.

सोयाबीन_गोदाम
श्वसनाची ताकद आम्हा शेतकऱ्यांना विचारा. मागे एका हंगामात मळणीच्या वेळी पाऊस आला आणि मी घाईने ओलसर सोयाबीन पोत्यांत भरून थप्पी लावली. चार दिवसांनी आतल्या पोत्यात हात घातला तर दाणे चटका बसावा इतके गरम लागले, वास आंबूस येत होता आणि मधले दाणे काळपट पडले होते. तेथे ना ऊन, ना हिरवे पान. ओल्या दाण्याचे श्वसन आणि त्यावरील बुरशीचे श्वसन, दोन्ही मिळून माल तापला. श्वसनात साठवलेले अन्न जळते हे मी हाताने पाहिले आहे, म्हणून मुलीला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत.

जुनी_प्रयोगशाळा
आपला अनुभव खराच आहे, पण त्यातून श्वसन होते एवढेच सिद्ध होते, आणि ते येथे कोणी नाकारलेले नाही.

प्रश्न नीट पाहा. पट्ट्यात स्टार्च का नाही, एवढेच तो विचारीत नाही. एकाच पानाच्या दोन भागांत फरक का पडला, हे तो विचारतो. श्वसन उघड्या भागातही चालले होते आणि झाकलेल्या भागातही. दोन्हीकडे सारखी असलेली गोष्ट दोहोंमधील फरकाचे कारण होऊ शकत नाही. मुलीचे वाक्य उघड्या भागाला लावून पाहा : तेथील पेशीही सतत श्वसन करतात, तेथेही ग्लुकोज वापरले जाते, म्हणून तेथेही स्टार्च उरायला नको. पण तो भाग तर काळानिळा झाला!

समजण्यासाठी आकडे मानून चालू. सकाळी दोन्ही भागांत स्टार्चचे दोन-दोन वाटे आहेत. दिवसभरात श्वसनाने दोन्हीकडील दोन-दोन वाटे घेतले. उघड्या भागाने प्रकाशात बारा वाटे नवे तयार केले, झाकलेल्या भागाने शून्य. सायंकाळी एकीकडे बारा, दुसरीकडे शून्य. या बारा वाट्यांच्या फरकात श्वसनाचा हिस्सा काहीच नाही, कारण दोन्हीकडून त्याने सारखीच वजाबाकी केली. फरक सगळा निर्मितीतून आला आणि निर्मिती थांबली ती प्रकाश अडल्यामुळे. "झाकलेल्या भागाला प्रकाश न मिळाल्याने तेथे प्रकाशसंश्लेषण झाले नाही व नवे स्टार्च बनले नाही" हे उत्तर अपेक्षित होते. मुलीच्या उत्तरात प्रकाश हा शब्दच नाही.

तूर_तुरा
ताई, म्हणजे मुलगी हो, घाबरू नकोस. पट्टा नीट दिसत नसेल तर चूक बहुधा स्पिरिटची असते. पान आधी दोन-तीन मिनिटे पाण्यात उकळावे, मग स्पिरिट असलेल्या परीक्षानळीत टाकून ती नळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करावी. स्पिरिट सरळ ज्योतीवर कधीही ठेवू नये, भडका उडतो. पानाचा हिरवा रंग पूर्ण उतरून ते पांढुरके झाले की कोमट पाण्यात धुवावे, कारण स्पिरिटमध्ये पान कडक होते, आणि मगच आयोडीन घालावे. हिरवेपणा राहिला तर निळा-काळा रंग ओळखू येत नाही.

मोहफूल
तूर_तुरा, त्यांचा प्रयोग फसलेला नाही, त्यांचे गुण गेले आहेत. तरी माहिती कामाची आहे.

जुनी_प्रयोगशाळा सर, तुमचे पटले, पण पूर्ण नाही. प्रश्नात एक पायरी गाळलेली आहे. हा प्रयोग करताना रोप आधी एक ते दोन दिवस अंधारात ठेवावे लागते, म्हणजे पानातील जुने स्टार्च निघून जाते. प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. मग समजा, कालचे स्टार्च पानात होते. झाकलेल्या पट्ट्यातील ते जुने स्टार्च गेले कोठे, याचे उत्तर श्वसनच देते ना? तुमच्याच हिशेबात सकाळचे दोन वाटे श्वसनानेच संपवले. मग मुलीने अर्धे उत्तर दिले, असे का म्हणू नये? एक गुण तरी तिचा होता.

जुनी_प्रयोगशाळा
आक्षेप रास्त आहे. "रोप प्रयोगापूर्वी अंधारात का ठेवतात?" असा प्रश्न असता, तर मुलीच्या याच वाक्याला मी गुण दिले असते. तेच वाक्य, दुसरा प्रश्न, आणि ते उत्तर ठरते.

तरीही दोन गोष्टी लक्षात घ्या. पानातील स्टार्च केवळ श्वसनात जळून संपत नाही. रात्री त्याची साखर होते आणि त्यातील मोठा भाग शिरांमधून देठावाटे मुळांकडे, कळ्यांकडे, नव्या पालवीकडे जातो. माझ्या हिशेबातील दोन वाटे मी सोपेपणासाठी श्वसनाच्या नावे टाकले होते. म्हणजे जुन्या स्टार्चपुरतेही तिचे उत्तर अपुरेच आहे. दुसरे असे की, जुने स्टार्च गेल्याने पट्टा रिकामा होतो, पण उघडा भाग भरलेला का, हे तरीही सांगायचे राहते.

कागद केव्हा लावला यावरही बरेच अवलंबून आहे. पहाटे लावला तर बऱ्याच झाडांच्या पानांत रात्रीतून स्टार्च कमी झालेले असते आणि पट्टा स्वच्छ निघतो. दुपारी बाराला लावला तर सकाळी बनलेले स्टार्च पट्ट्यात सापडते आणि तो फिकट निळा दिसू शकतो. प्रश्नात वेळ दिलेली नाही.

वऱ्हाडी_बाणा
दिवसाच्या श्वसनाबद्दलचे मान्य करतो, पिंपळाबद्दल नंतर बोलू. मात्र मला आणखी एक शंका आहे. काळा कागद दोन्ही बाजूंनी घट्ट लावला तर प्रकाशच नव्हे, हवाही अडते. पानाची छिद्रे झाकली गेली, कार्बन डायऑक्साइड आत गेला नाही, म्हणून स्टार्च बनले नाही, असेही कोणी म्हणू शकेल. मग शिक्षकांचे "प्रकाश" हे उत्तर तरी कशावरून खरे?

जुनी_प्रयोगशाळा
हा प्रश्न या धाग्यातील सर्वांत चांगला आहे. नुसत्या काळ्या कागदाने ही शंका फिटत नाही. त्यासाठी दुसऱ्या पानावर तेवढ्याच रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा पट्टा तसाच दोन्ही बाजूंनी, तेवढाच घट्ट लावावा. हवा तेथेही अडेल, पण प्रकाश जाईल. तो भाग निळा-काळा झाला आणि काळ्या कागदाखालचा झाला नाही, तर कारण प्रकाश. दोन्ही पट्टे रंगहीन राहिले, तर वऱ्हाडी_बाणा यांचे म्हणणे खरे, आणि मग कागद थोडा सैल लावून प्रयोग पुन्हा करावा लागेल. शाळेत हा दुसरा पट्टा सहसा कोणी लावीत नाही.

पैनगंगाकाठ
सर्वांचे आभार. मुलीला हे वाचून दाखवले. ती म्हणते, वर्गात रोप अंधारात ठेवण्याचे सांगितले होते, तेच मनात असल्याने तिने तसे लिहिले. आता तिने मलाच एक प्रश्न टाकला आहे : उघड्या भागात एवढी साखर बनते, तर ती शेजारच्या झाकलेल्या पट्ट्यात सरकून तेथे स्टार्च का होत नाही? मला उत्तर देता आले नाही.

आणि सोमवारी एक गुण मागावा की नाही, हेही कोणी स्पष्ट सांगितले नाही.

मोहफूल
मागावा. प्रश्न अपुरा होता, हे शिक्षकांना शांतपणे दाखवा.

जुनी_प्रयोगशाळा
माझ्या मते मागू नये, कारण प्रश्न अपुरा असला तरी फरकाचे कारण त्यात स्पष्ट विचारले आहे. मोहफूल आणि माझे यावर जुळणार नाही.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, पूर्ण वाढलेले पान साखर बाहेर पाठवते, बाहेरून घेत नाही. शिरांत शिरलेली साखर देठाच्या दिशेने निघून जाते, वाटेतल्या झाकलेल्या पेशींमध्ये थांबत नाही. पण त्या पेशींना स्टार्च बनवता येत नाही असे मात्र नाही. स्टार्च नसलेल्या पानाचे तुकडे अंधारात साखरेच्या पाण्यावर तरंगत ठेवले, तर त्यांत स्टार्च तयार होते. प्रकाश लागतो तो साखर बनवायला. पट्ट्याच्या अगदी कडेला शेजारून थोडी साखर झिरपते की नाही, याबद्दल मी खात्रीने बोलणार नाही. तिने पट्ट्याची कड भिंगातून पाहावी.

सोयाबीन_गोदाम
आयोडीन खेड्यात कोठे मिळेल? आमच्या नातवालाही करायचे आहे.

तूर_तुरा
औषधाच्या दुकानात जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन मागा. त्यात पाणी घालून रंग फिकट पिवळसर तपकिरी करा आणि आधी उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर एक थेंब टाकून बघा. फोड लगेच निळी-काळी झाली की द्रावण चालते.