मदत हवी आहे: समीकरणातल्या सहगुणकांवरून ऑर्डर का काढता येत नाही?

अभिक्रिया: NO₂ + CO → NO + CO₂. दोन्ही सहगुणक 1, म्हणून वेग = k[NO₂][CO] असं लिहिलं, तर उत्तर चूक धरलं.

प्रश्नात प्रयोगाचे आकडे होते. CO तेवढंच ठेवून NO₂ 0.10 वरून 0.20 केलं की वेग 0.005 वरून 0.020, म्हणजे चौपट. नंतर CO दुप्पट केलं तर वेग जागचा हलत नाही. त्यामुळे वेग = k[NO₂]², हे पटतं.

अडतंय ते पुढे. CO खर्च तर होतोच, मग वेगात त्याचा पत्ताच का नाही? NO₂ चे दोन रेणू आदळून NO₃ बनण्याची पायरी सर्वांत मंद असते आणि CO नंतरच्या जलद पायरीत येतो, एवढं वाचलंय. म्हणजे सहगुणक फक्त एकाच पायरीत घडणाऱ्या अभिक्रियेला चालतात का? आणि नुसतं समीकरण पाहून तशी अभिक्रिया ओळखता येते का?