मदत हवी आहे: कोशी वितरणाची सरासरी स्थिरावत का नाही?

नमस्कार मंडळी. भिंतीपासून १ मीटरवर एक दिवा आहे. तो भिंतीच्या दिशेने कुठल्याही कोनात सारख्याच शक्यतेने वळतो. किरण भिंतीच्या मध्यापासून जिथे पडेल ते अंतर `x = tan θ`, आणि हेच कोशी वितरण. असे आकडे काढून मी चालती सरासरी रेखली. ती बराच वेळ शून्याजवळ रेंगाळते, मग एखादा किरण भिंतीला जवळजवळ समांतर जातो आणि रेघ एका झटक्यात उडते.

माझा हिशेब असा: n मोठा असेल तर `|x| > n` होण्याची शक्यता साधारण `2/(πn)`. म्हणजे n आकड्यांत n पेक्षा मोठे सरासरी ०.६४ आकडे निघणार, मग n हजार असो की कोटी. असा एकच आकडा n ने भागूनही सरासरीला १ पेक्षा जास्त ढकलतो. त्यामुळे आकडे वाढवून काहीच हाती लागत नाही. हे बरोबर आहे ना?

खरी अडचण पुढे आहे. घातांक १.५ असलेल्या पॅरेटोला सरासरी असते, फक्त प्रसरण अनंत असते. त्याचीही रेघ अशाच उड्या मारते, पण शेवटी स्थिरावते. हातात फक्त दहा हजार आकडे असतील, तर या दोघांतला फरक कसा ओळखायचा? लॉग-लॉग आलेखावर शेपटीचा उतार १ की १.५ हे पाहतो, पण शेवटचे मोजके बिंदू फारच विखुरतात. शेपटी कुठून धरायची?