शाळेच्या दुरुस्तीत खालच्या खान्यातल्यांना विचारायचं की नुसतं कळवायचं?

पंचवटी_विश्वस्त
आमच्या अनुदानित शाळेची इमारत दोन मजली. स्लॅबचे गज उघडे पडलेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुरुस्ती काढायची आहे. संबंधित माणसांचा पॉवर-इंटरेस्टचा चौकोन मांडला: ज्याची ताकद जास्त तो वर, ज्याला कामात रस जास्त तो उजवीकडे. वर उजवीकडे कार्यकारिणी, मुख्याध्यापक, ठेकेदार. पालक, शिपाई, पोषण आहाराच्या ताई, व्हॅनवाले हे सगळे खाली डावीकडे. त्यांना विचारत बसलो तर दिवाळी उजाडेल. ठरलेलं कळवायचं आणि कामाला लागायचं. यात काही चुकतंय का?

गोदाकाठ
चुकतंय. हेच मी एका साइटवर निस्तरलं आहे, म्हणून लांबलचक लिहितो.

2024 चा उन्हाळा, जुन्या नाशकातली एक शाळा, देखरेख माझ्याकडे. आम्हीही माणसाचं पद बघून खाना ठरवला होता. स्लॅबचा खर्च देणग्यांतून, संडासाचा आमदार निधीतून. यादी नीटनेटकी होती, फक्त तिच्यात निवडणुकीची माणसं नव्हती. शाळा म्हणजे मतदान केंद्र, हे गावाला ठाऊक, आमच्या कागदाला नाही. 16 मार्चला आचारसंहिता लागली. संडासाचा कार्यारंभ आदेश निघाला नव्हता, ते काम तिथेच अडलं. एप्रिलमध्ये केंद्राच्या पाहणीला लोक आले तेव्हा तळमजला टेकूंनी भरलेला. मतदान 20 मेला. खोल्या, रॅम्प, दिवे, संडास, सगळं मोकळं आणि चालू हवं म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. इतक्या उशिरा केंद्र हलवणं जमलं नाही. टेकू काढायचे म्हणजे आधी वरची फोडाफोड थांबवायची आणि केलेला भाग पक्का होईपर्यंत थांबायचं. तीन आठवडे गेले, मजूर दुसऱ्या साइटवर निघून गेले, आणि उरलेलं काम पावसात सापडलं.

निवडणुकीच्या माणसांना आमच्या इमारतीत काडीचा रस नव्हता, पण एका दिवसापुरती ताकद सगळ्यांहून जास्त होती. असा माणूस वर डावीकडे बसतो. त्याच्याकडे रोज जायचं नसतं, पण त्याची तारीख आधी विचारावी लागते.

म्हणून प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न लिहा. काम थांबवायला याच्या हातात नेमकं काय आहे: सही, किल्ली, तारीख की रस्ता? आणि काम बिघडलं तर याचं रोजचं काय अडतं? उत्तर देता येत नसेल तर त्या माणसाला तुम्ही भेटलेला नाहीत, खाना अंदाजाने भरलाय.

अंबड_पीएम
निवडणूक दर उन्हाळ्यात नसते. एका अपवादावरून नियम करू नका. आमच्याकडे पॉवरला 1 ते 5, इंटरेस्टला 1 ते 5 गुण देतो, गुणाकार करतो आणि वरची पाच नावं धरतो. चौकोन एकदाच काढायचा. सारखा बदलत बसलं तर काम कोण करणार?

गोदाकाठ
गुण द्या, माणूस विचार करून लिहितो. पण गुणाकार नको. ताकद 5, रस 1 म्हणजे पाच. ताकद 1, रस 5 म्हणजेही पाच. पहिली तुमची निवडणुकीची माणसं, दुसरी दहावीची मुलं. एकाच आकड्याखाली दोघं आले की कोणाशी काय बोलायचं हेच पुसलं जातं. शिवाय वरची पाच नावं धरलीत तर दोघंही बाहेर.

इंदिरानगर_आई
मुळात शाळा बंद ठेवायची की नाही हे पालकांनी का ठरवू नये? माझ्या मुलीच्या शाळेत जूनमध्ये काम संपलं नाही. वर्ग दुबार केले, ते चार दिवस आधी कळवलं. धुळीने तिला महिनाभर खोकला. वर व्हॅनवाल्यांनी महिन्याला दीडपट मागितले. पालक खाली डावीकडे? आमचा रस कमी आहे असं कोणी ठरवलं?

सातपूर_व्हॅन
ताई, दीडपट मी पण घेतले. दुबार म्हणजे दोन फेऱ्यांच्या चार फेऱ्या. डिझेल कोण देणार? गेटसमोर राडारोड्याचा ट्रक उभा, गल्ली अकरा फुटी, पोरं रस्त्यावर उतरवायची. सांगायला गेलो तर साहेब म्हणाले, तुमचा काय संबंध. मग एक दिवस आम्ही सगळ्यांनी गाड्या घरी ठेवल्या. अर्धी शाळा रिकामी. दुसऱ्या दिवशी ट्रकची वेळ बदलली.

अंबड_पीएम
ही दादागिरी झाली. मुलांना वेठीला धरायचं आणि त्याला स्टेकहोल्डर म्हणायचं?

सातपूर_व्हॅन
दादागिरी कोणाची? तीन आठवडे तोंडाने सांगत होतो. तुम्ही एसीत बसून गुण देता. पोराला ट्रकचा धक्का लागला असता तर पहिलं नाव माझं आलं असतं.

इंदिरानगर_आई
त्या दिवशी मला रजा टाकावी लागली, ते चूकच. पण ट्रकबद्दल तुमचं खरं आहे. मी ते स्वतः पाहिलंय. पैशाचं मात्र पटलेलं नाही. संस्थेने वेळ बदलली तर फरक संस्थेने द्यायला हवा.

पंचवटी_विश्वस्त
संस्था कुठून देणार? आणि पालकांचं म्हणाल तर शाळा व्यवस्थापन समिती आहेच. अनुदानित शाळेत तिचं काम फक्त सल्ल्याचं.

मराठीच्या_बाई
सल्ल्याचं आहे, म्हणून बैठक घ्यायचीच नाही असं नव्हे. समितीत 75 टक्के पालक असतात. आमच्याकडे त्यांना नुसती सही करायला बोलावतात, त्यामुळे आता कोणी फिरकत नाही. आणि पालक हा एक गठ्ठा नाही. दहावीच्या पालकांना वर्ग कधी सुरू होतात याची चिंता, पहिलीच्या पालकांना संडास आणि जिना. एकाच ठिपक्यात दोघांना बसवलंत तर दोघांनाही चुकीचं कळवाल.

गोदाकाठ
बाईंचं पूर्ण पटतं. व्हॅनचंही तसंच. एकटा व्हॅनवाला खालीच असतो, वीसजण एकत्र आले की वर जातात. ठिपका काढून पुरत नाही, तो कुठे सरकू शकतो त्याचा बाण काढा. पीएम साहेब, म्हणूनच चौकोन प्रत्येक टप्प्याला पुन्हा बघायचा: फोडाफोड, स्लॅब, वर्ग हलवणं. तीनदा, तासाभराचं काम.

आणि शिपाईमामांना खाली डावीकडून उचला. आम्ही गळतीचं कारण पाऊस धरलं होतं. मामा म्हणाले, पाणी मे महिन्यातही झिरपतं. गच्चीवरच्या टाकीचा पाइप भिंतीत फुटला होता. ओल लागून गज गंजले, गंज फुगला आणि त्याने काँक्रीटचा थर ढकलून पाडला. पाइप तसाच राहिला असता तर नवा थरही पुन्हा सुटला असता. मामांच्या हातात सही नव्हती, पण ठेकेदाराला न दिसलेलं कारण त्यांना माहीत होतं. हे कुठल्या खान्यात बसतं, मला अजून नीट सांगता येत नाही.

अंबड_पीएम
गुणाकाराचं मान्य. तीनदा बघण्याचंही, एक तासात होणार असेल तर. गाड्या बंद ठेवण्याला मात्र माझा विरोध कायम.

पंचवटी_विश्वस्त
आज मामांना गच्चीवर घेऊन गेलो. आमच्याही टाकीच्या बाजूची भिंत ओली आहे. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात पाइप नाही. व्हॅनवाल्यांना शनिवारी बोलावलंय. पोषण आहाराच्या ताईंचं स्वयंपाकघर टेकूंच्या बरोबर खाली येतंय, ते कुठे हलवायचं? शेजारच्या मंगल कार्यालयाला विचारलं तर लग्नसराई म्हणाले.

मराठीच्या_बाई
आधी ताईंना विचारा. त्यांना पाणी आणि गॅसची सोय कुठे जमते, हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही.