मदत हवी आहे: पीआयपी ही खरी संधी की बाहेरचा रस्ता?

नमस्कार मंडळी. हिंजवडीत एका आयटी कंपनीत सहा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. गेल्या सोमवारी मॅनेजर आणि एचआरने मीटिंगला बोलावून ६० दिवसांचा पीआयपी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखवायची लेखी योजना, हातात ठेवला. मार्चच्या अप्रेझलमध्ये याच मॅनेजरने 'अपेक्षेप्रमाणे काम' असं लिहिलं होतं, म्हणून जास्त धक्का बसला.

कागदावर तीन उद्दिष्टं आहेत. रिग्रेशनचे टेस्ट केसेस वेळेत संपवणं मोजता येतं, ते मी करेन. दुसरं, 'प्रॉडक्शनला एकही बग जाता कामा नये'. हे माझ्या एकटीच्या हातात कसं असेल? तपासायचा बिल्ड मला रिलीजच्या आदल्या संध्याकाळी मिळतो. तिसरं, 'ओनरशिप दाखवणे'. ती कशी मोजणार, विचारलं तर उत्तर नाही.

दर शुक्रवारी रिव्ह्यू ठरला होता, पहिलाच रद्द झाला. आणि काल माझं मॉड्यूल एका नव्या मुलाला समजावून द्यायला सांगितलं. हीच गोष्ट मला जास्त खुपते. सुधारायची संधी द्यायची असती तर माझंच काम काढून का घेतलं असतं?

रिव्ह्यू रद्द झाल्यावर मी आठवड्याचं काम लिहून मॅनेजर आणि एचआर दोघांना मेल केला, अजून उत्तर नाही. एचआर सही मागतंय. 'मिळाले, मजकूर मान्य नाही' असं लिहून सही केलेली चालते का? पीआयपीतून खरंच टिकलेलं कुणी आहे का? तुमचे रिव्ह्यू होत होते का? आणि राजीनामा मागितला तर नोटीस पिरियडच्या पगाराचं काय बोलायचं? घराचा हप्ता चालू आहे, घाईत सही करायची नाहीये.