मदत हवी आहे: मीटिंगच्या ट्रान्सक्रिप्टमधून खरंच ठरलेलं आणि नुसतं बोललेलं वेगळं कसं करायचं?

बाराखडी
पावणेदोन तासांच्या ब्रेनस्टॉर्मिंगचा ट्रान्सक्रिप्ट हातात आहे. त्यातून 'काय काय ठरलं' याची यादी उद्या दुपारपर्यंत द्यायची आहे. एकदा वाचलं की वाटतं सगळंच ठरलंय, पुन्हा वाचलं की वाटतं काहीच नाही. जो तो 'हो हो, मस्त' म्हणतो आणि गाडी पुढच्या विषयावर. काही पद्धत आहे का? 'नीट वाचा' सोडून काहीही सांगा.

जुना_भिडू
एवढं काय त्यात? Ctrl+F मारा. 'ठरलं', 'फायनल', 'नक्की', 'डन'. जिथे सापडेल ते ठरलं, बाकी सगळ्या गप्पा. मी नेहमी असंच करतो.

टिपणकार
भिडू, 'अजून काही ठरलं नाहीये' यातही 'ठरलं' सापडतं की. आणि निम्मे निर्णय तर 'ठीक आहे, मग तू बघ' असल्या वाक्यात होतात, त्यात यातला एकही शब्द नसतो.
बाराखडी, थोडी माहिती द्या. बोलणाऱ्यांची नावं आहेत का? शेवटचा शब्द कोणाचा होता? आणि तुम्ही स्वतः मीटिंगमध्ये होता का?

मोकळा_श्वास
ट्रान्सक्रिप्ट चांगला हवा असेल तर माइक टेबलाच्या मधोमध ठेवा आणि पंखा बंद करा. आमच्याकडे प्रत्येकाला कॉलर माइक दिल्यापासून एक शब्द चुकत नाही.

बाराखडी
@मोकळा_श्वास, मीटिंग होऊन गेली हो.
@टिपणकार, मी नव्हते मीटिंगला, म्हणून तर विचारतेय. नावं नाहीत, वक्ता १, वक्ता २ असं आहे. वक्ता १ म्हणजे आमच्या मॅडम, शेवटचा शब्द त्यांचाच. विषय नोंदणीच्या फॉर्मचा. नमुना देते, सलग नाही, मधलं गाळलंय:

१४:२० वक्ता ३: फोन नंबरचा रकाना काढून टाकूया
१४:२६ वक्ता २: हो हो
१४:२८ वक्ता ४: बरोबर, लोक तिथेच सोडून जातात
४१:०५ वक्ता १: ठीक आहे, मग फोन काढू, ईमेल ठेवू
४१:११ वक्ता ३: मी नवा आराखडा शुक्रवारपर्यंत देतो
५८:४० वक्ता ५: पण फोन नसेल तर ओटीपी कुठे पाठवणार
५८:५२ वक्ता १: अरे हो. बघा जरा ते

जुना_भिडू
४१:०५ ला ठरलं. मॅडम म्हणाल्या, विषय संपला.

टिपणकार
भिडू अर्धे बरोबर आहेत. ४१:०५ ला खरंच ठरलं होतं, कारण तीन गोष्टी जुळल्या: प्रश्न मांडलेला होता, ज्यांना अधिकार आहे त्यांनी पर्याय निवडला, आणि लगेच कोणीतरी काम अंगावर घेतलं. १४:२० ला फक्त सूचना आहे. '१४:२६ हो हो' म्हणजे संमती नव्हे, 'ऐकतोय' एवढाच त्याचा अर्थ. १४:२८ ला तर कारण दिलंय, तेही समर्थनच, निर्णय नाही.
पण ५८:५२ ला मॅडमनी तोच निर्णय पुन्हा उघडला. 'बघा जरा ते' कोणाला उद्देशून आहे ते कळत नाही, मुदत नाही. म्हणून यादीत 'फोन रकाना काढायचा' असं लिहू नका. 'काढायचं ठरलं होतं, ओटीपीच्या मुद्द्यामुळे पुन्हा खुलं, कोण बघणार ते नक्की नाही' असं लिहा.
म्हणून मी ट्रान्सक्रिप्ट शेवटाकडून वाचतो. प्रत्येक विषयाचा सगळ्यात शेवटचा उल्लेख आधी शोधायचा, मग मागे जाऊन तो कुठून आला ते पाहायचं. सुरुवातीपासून वाचलं की पहिला 'ठीक आहे' डोक्यात घट्ट बसतो आणि नंतरची शंका किरकोळ वाटते.

नीलकंठी
हे संशोधनातही असंच दिसतं. एएमआय म्हणून सुमारे १०० तासांच्या ध्वनिमुद्रित बैठकांचा संच आहे. त्यावर निर्णय शोधण्याचं काम झालं तेव्हा एकेक वाक्य 'निर्णय आहे की नाही' असं तपासण्याऐवजी प्रश्न, तोडगा आणि सहमती असे तुकडे वेगळे ओळखायचा मार्ग घेतला गेला. निर्णय एका वाक्यात नसतोच, तो पसरलेला असतो.

जुना_भिडू
संशोधन राहू दे. उद्या दुपारी यादी द्यायची आहे त्यांना.

नीलकंठी
तेच सांगतेय. Ctrl+F एका वाक्यापुरतं चालतं.

कुंपणावरचा
मुळात ब्रेनस्टॉर्मिंगमध्ये निर्णय घ्यायचेच नसतात. कल्पना वेगळ्या दिवशी, निर्णय वेगळ्या दिवशी. आमच्याकडे हे कळायला चार मॅनेजर बदलले.

टिपणकार
तत्त्व मान्य, पण मीटिंग झालेली आहे आणि मॅडमनी त्यात निर्णय घेतलेत.
बाराखडी, यादी दोन नव्हे, चार रकान्यांची करा: ठरलं, ठरलं पण अटीवर, कोणीतरी तपासून सांगणार, नुसती कल्पना. तिसरा रकाना लोक विसरतात. 'मी खर्च काढतो' असं कोणी म्हटलं की काम ठरलं, खर्च करायचं ठरलं नाही. आणि 'हे नको' असं ठरलेलंही पहिल्याच रकान्यात टाका, नाहीतर पुढच्या मीटिंगला तीच कल्पना परत येते. प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहा, म्हणजे कोणी हरकत घेतली तर थेट तिथलं ऐकता येईल.

बाराखडी
हे कामाचं आहे. पण 'करूया'चं काय करू? शंभर वेळा आहे.

टिपणकार
ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रश्नचिन्हं बऱ्याचदा गळतात. 'करूया' आणि 'करूया?' कागदावर सारखेच दिसतात, कानाला नाही. शंका असेल तिथे रेकॉर्डिंग ऐका. आहे ना?

बाराखडी
आहे. पण शेवटची काही मिनिटं नाहीत, कोणीतरी आधीच बंद केलं. शिवाय लोक चॅटमध्येही लिहीत होते म्हणे, तो माझ्याकडे नाही.

टिपणकार
हे आधी सांगायचं होतं हो! शेवटच्या मिनिटांतच 'तर मग आपण असं असं करतोय' होतं. आता कितीही बारकाईने वाचलं तरी यादी पूर्ण नाही. वर स्पष्ट लिहा: रेकॉर्डिंग अमुक वेळेला थांबलं, चॅट पाहिलेला नाही. आणि मॅडमना 'बरोबर आहे का' असं विचारू नका, लोक न वाचता हो म्हणतात. नेमकं विचारा: 'फोन रकाना आज काय समजायचा, काढलेला की खुला?'

जुना_भिडू
मॅडमना विचारायचं असतं तर ट्रान्सक्रिप्ट कशाला? उत्तर न आल्यास ते मान्य, असं मेलमध्ये लिहून मोकळं व्हायचं.

नीलकंठी
मग गप्प बसणाऱ्यांची संमती तुम्हीच ठरवणार?

जुना_भिडू
सगळं जग असंच चालतं.

बाराखडी
मॅडमचं उत्तर आलं. फोनचा मुद्दा खुला. पण 'पहिल्या पानावर व्हिडिओ टाकायचा' हे मी ठरलंमध्ये टाकलं होतं, ३३:१८ ला वक्ता १ आहे, आणि त्या म्हणतात मी असं बोललेच नाही.

टिपणकार
३३:१८ च्या आसपास दोघं एकदम बोलतात का बघा. तिथे वक्त्यांचे क्रमांक हमखास अदलाबदल होतात. वाक्य वक्ता ३ चं निघालं, तर ती कल्पना, निर्णय नाही.

बाराखडी
हो, आधीच्या ओळीत कोणीतरी मध्येच तोडलंय. हेडफोन लावून ऐकते.

मोकळा_श्वास
म्हणून म्हणालो, कॉलर माइक.