टॅकोमीटर फीडबॅक आणि रॅम्पची त्रुटी

«वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा टॅको जोडल्यावर सर्व्होचे डोलणे थांबले, पण एकसमान गतीने सरकणाऱ्या लक्ष्याच्या तो आता जास्त मागे राहतो, असे का?»

समजा, मोटर व प्रवर्धक मिळून 100/(s(s+4)) आहेत. टॅकोशिवाय अवमंदन गुणोत्तर ζ = 0.2, म्हणजे लक्ष्य ओलांडून पुढे जाणे, ओव्हरशूट, सुमारे 53 टक्के. टॅकोचा गेन Kt = 0.08 घेतल्यास बंद लूपच्या छेदातील s चा सहगुणक 4 वरून 12 होतो, ζ 0.6 वर जाते आणि ओव्हरशूट 10 टक्क्यांच्या आत येते. मात्र वेग स्थिर असतानाही टॅकोचे व्होल्टेज इनपुटमधून वजा होतच राहते व ते भरून काढण्याइतकी त्रुटी टिकून राहावी लागते. म्हणून 1 रेडियन/सेकंदाच्या एकसमान वेगाने वाढणाऱ्या इनपुटसाठी, म्हणजे रॅम्पसाठी, ती 0.04 वरून 0.12 रेडियन होते. एकदम बदलून स्थिर होणाऱ्या इनपुटसाठी, म्हणजे स्टेपसाठी, ती शून्यच राहते, कारण थांबलेल्या शाफ्टचा टॅको गप्प असतो.

टॅकोच्या लूपमधील गेन K, जो वर 100 होता, वाढवून हे पूर्ण भरून निघत नाही: वरील रॅम्पच्या त्रुटीचा व्यस्तांक, म्हणजे वेग-स्थिरांक Kv = K/(4+0.08K) कधीच 12.5 ओलांडत नाही, आणि मूळ Kv तर 25 होता. त्याऐवजी टॅकोच्या वाटेत मालिकेत कपॅसिटर घालून हाय-पास फिल्टर करावा. स्थिर वेगाचा संकेत अडतो, डोलताना बदलणारा वेग मात्र पोहोचतो. फिल्टरचा कालांक फार लहान ठेवल्यास अवमंदनही जाते.

धुळ्याच्या प्रयोगशाळेत आम्ही एकदा टॅकोच्या तारा उलट जोडल्या, तेव्हा तो सहगुणक 4 − 8 = −4 झाला आणि शाफ्टचे डोलणे वाढतच गेले.